बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आणि ट्रानेक्झॅमिक ॲसिड: या चुका टाळा

"ऑक्सिटोसिन दिलं, पोट चोळलं, दुसरं इंजेक्शनही झालं. आता ट्रानेक्झॅमिक देऊ का?"

बाळंतिणीच्या अंगावरून जास्त जाऊ लागलं की लेबर रूममध्ये हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. चूक त्यातल्या 'आता' या शब्दात आहे. बाकी सगळं करून झालं, रक्त थांबलं नाही, म्हणून शेवटी हे काढायचं, असा क्रम अनेकांच्या मनात बसला आहे. पण ज्या गोष्टीविरुद्ध हे औषध काम करतं, ती पहिल्या तासातच घडून जाते. ते शरीरात नेमकं काय करतं हे नीट कळलं, तर घड्याळाकडे पाहण्याची आपली नजर बदलते.

चूक पहिली: हे रक्त गोठवणारं औषध आहे असं समजणं

ट्रानेक्झॅमिक ॲसिड गुठळी तयार करत नाही. तयार झालेली गुठळी ते टिकवून ठेवतं.

गुठळीचा सांगाडा फायब्रिन नावाच्या धाग्यांचा असतो. गुठळी कायमची राहू नये म्हणून शरीराने ती विरघळवण्याचीही सोय केलेली आहे. रक्तात प्लाझमिनोजेन नावाचं प्रथिन फिरत असतं. ते स्वतः काही कापत नाही. पण ते फायब्रिनच्या धाग्यावर जाऊन बसलं आणि शेजारी टिश्यू प्लाझमिनोजेन ॲक्टिव्हेटर आला, की त्याचं प्लाझमिन होतं आणि प्लाझमिन त्या धाग्याचे तुकडे करू लागतं.

प्लाझमिनोजेन धाग्यावर बसतं कसं, हा यातला कळीचा प्रश्न. फायब्रिनवर लायसिन या अमिनो ॲसिडची टोकं असतात आणि प्लाझमिनोजेनवर ती टोकं पकडणाऱ्या खोबणी असतात. ट्रानेक्झॅमिक ॲसिडचा रेणू रचनेने लायसिनसारखाच आहे. तो त्या खोबणींत आधीच जाऊन बसतो. मग प्लाझमिनोजेन रक्तात फिरत राहतं, पण धाग्याला धरू शकत नाही आणि गुठळी शाबूत राहते.

इथे एक बारकावा आहे, आणि पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. प्लाझमिन एकदा धागा कापू लागलं की कापलेल्या जागी लायसिनची नवी टोकं उघडी पडतात. त्यांवर आणखी प्लाझमिनोजेन येऊन बसतं, त्याचं प्लाझमिन होतं, आणखी धागे कापले जातात. म्हणजे विरघळणं स्वतःच स्वतःला वेग देतं. ट्रानेक्झॅमिक हे चक्र सुरू होतानाच अडवू शकतं. कापलेले धागे ते जोडू शकत नाही आणि ज्यापासून फायब्रिन बनतं ते फायब्रिनोजेन संपलं असेल तर परत आणू शकत नाही.

चूक दुसरी: ते राखून ठेवणं

वार सुटताना गर्भाशयाच्या आतल्या भिंतीला मोठी जखम होते. तिथल्या ऊतींतून आणि रक्तवाहिन्यांतून ॲक्टिव्हेटर रक्तात उतरतो, आणि त्याचा जोर पहिल्या तासाच्या आसपास सगळ्यात जास्त असतो. नंतर शरीर त्याला अडवणारं प्रथिन वाढवतं आणि गुठळ्या विरघळणं आपोआप मंदावतं. मोठ्या शस्त्रक्रियेत आणि अपघाती जखमेतही साधारण हेच होतं. म्हणून उशिरा दिलेल्या औषधाला अडवण्यासारखं फारसं काही उरत नाही.

हे प्रत्यक्षात तपासलं गेलं आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या वुमन चाचणीत २१ देशांतल्या २०,००० हून अधिक बाळंतिणी होत्या. सगळ्यांना बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव झालेला होता. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने झालेले मृत्यू १.२ टक्के होते, तर औषध न मिळालेल्यांत १.७ टक्के. तीन तासांनंतर दिलं तेव्हा फायदा दिसला नाही. त्याआधी, २०१० सालच्या क्रॅश-२ या अपघातग्रस्तांवरच्या चाचणीत तर तीन तासांनंतर औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाचे मृत्यू उलट जास्त होते. दोन्ही चाचण्यांतल्या रुग्णांची माहिती एकत्र तपासली तेव्हा दिसलं की दर पंधरा मिनिटांच्या उशिराने फायदा साधारण दहा टक्क्यांनी घटतो.

तीन तास हा आकडा पाठ झाला की नवीच चूक सुरू होते. लोक त्याला सवलत समजतात. तीन तास ही बाहेरची हद्द आहे, तोवर थांबायची मुभा नाही. आणि हे तास बाळाच्या जन्मापासून मोजायचे. जन्माची नेमकी वेळ माहीत नसेल, तर जन्माची शक्य तेवढी जवळची वेळ धरायची. रक्तस्राव लक्षात आला त्या क्षणापासून मोजलं की हिशेब चुकतो.

एक उदाहरण घेऊ. बाळ २:१० ला झालं, वार २:२० ला पडली. २:३० ला खालच्या पिशवीत ६०० मिलिलिटर रक्त जमलेलं आहे आणि गर्भाशय हाताला मऊ लागतंय. ऑक्सिटोसिन चालू आहे, सिस्टर पोट चोळत आहेत. इथेच, २:३५ ला, ट्रानेक्झॅमिक सुरू व्हायला हवं. एक ग्रॅम, म्हणजे १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असं औषध असेल तर दहा मिलिलिटर, शिरेतून दर मिनिटाला एक मिलिलिटर या वेगाने. २:४५ ला डोस पूर्ण. सुमारे अर्ध्या तासाने रक्तस्राव चालूच असेल, किंवा थांबून चोवीस तासांच्या आत पुन्हा सुरू झाला, तर आणखी एक ग्रॅम.

आता हीच केस राखून ठेवण्याच्या पद्धतीने. आधी दुसरं गर्भाशय आकुंचनाचं औषध, मग तिसरं, मग वरिष्ठांना फोन, मग रक्तपेढीला निरोप. ट्रानेक्झॅमिकची आठवण ४:०० ला येते. नोंदवहीत 'तीन तासांच्या आत दिलं' असंच लिहिलं जाईल, आणि ते खरंही असेल. पण २:३५ च्या तुलनेत जवळजवळ दीड तास गेला. वरच्या हिशेबाने मिळू शकणाऱ्या फायद्यातला निम्म्याच्या आसपासचा भाग त्यात गेला. गेलेल्या वेळेत बाईच्या गुठळ्या विरघळत राहिल्या ते वेगळंच.

ही वेळ हातची जात आहे हे ओळखायचं कसं? प्रयोगशाळेत फायब्रिनोजेनची पातळी कळते. गरोदरपणाच्या शेवटी ती एरवीपेक्षा वाढलेली असते, त्यामुळे अशा वेळी लिटरमागे दोन ग्रॅमपेक्षा कमी आली तर तो गंभीर इशारा आहे. पण रिपोर्ट यायला वेळ लागतो. खाटेशेजारी करण्यासारखी जुनी चाचणी मला फार मोलाची वाटते. काचेच्या छोट्या साध्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं आणि नळी बंद मुठीत उबेला धरायची. चार मिनिटांनी हळूच तिरकी करून पाहायचं, मग दर मिनिटाला. सात मिनिटांनीही गुठळी धरली नाही, किंवा धरलेली मऊ गुठळी सहज मोडते आहे, तर रक्ताची गोठण्याची ताकद ढासळली आहे. अशा वेळी नुसतं ट्रानेक्झॅमिक पुरणार नाही. फायब्रिनोजेन आणि गोठण्याचे इतर घटक बाहेरून द्यावे लागतात. ही चाचणी करण्यासाठी पहिला डोस मात्र अडवून ठेवू नये.

चूक तिसरी: दिलं म्हणून बाकीचं सैल सोडणं

दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटल्यावर ते थांबवण्याचं मुख्य काम स्नायू करतात. ते आवळले की मधल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ट्रानेक्झॅमिकचा या आवळण्याशी काही संबंध नाही. सैल गर्भाशय, आत राहिलेला वारेचा तुकडा किंवा फाटलेली गर्भाशयाची मान यांवर हे औषध काहीच करत नाही. 'औषध देऊनही रक्त थांबेना' असं वाटलं की आधी हात लावून गर्भाशय तपासा, वार पूर्ण आहे का ते पाहा, फाटलं आहे का ते पाहा. डोस वाढवत जाण्याने कारण सापडत नाही.

भीती कुठे रास्त आहे आणि कुठे नाही

'पायात, फुफ्फुसात गुठळ्या होतील' या भीतीनेही हात आखडता घेतला जातो. वुमन चाचणीत औषध मिळालेल्या बाळंतिणींत अशा गुठळ्या जास्त झाल्या नाहीत. हृदयाखेरीजच्या मोठ्या शस्त्रक्रियांवरची पॉइज-३ चाचणी २०२२ साली आली. चीर देण्याआधी एक ग्रॅम आणि शेवटी एक ग्रॅम दिल्यावर महत्त्वाचा रक्तस्राव ११.७ वरून ९.१ टक्क्यांवर आला. मात्र हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या दृष्टीने औषध पूर्ण निर्धोक आहे, असं त्या चाचणीला ठामपणे सिद्ध करता आलं नाही. म्हणून ज्यांच्या शरीरात आत्ता गुठळी आहे त्यांना ते देत नाहीत.

आकडीचा धोका खरा आहे, आणि तो मोठ्या डोसबरोबर वाढतो. हृदयशस्त्रक्रियेत तो विशेष दिसला. औषध मूत्रपिंडावाटे जवळजवळ जसंच्या तसं बाहेर पडतं, त्यामुळे मूत्रपिंड कमजोर असेल तर ते साचतं आणि डोस कमी करावा लागतो. भसकन दिलं तर रक्तदाब पडतो. दहा मिनिटांचा वेग पाळायचा तो यासाठीच.

सगळ्या रक्तस्रावांना एकच माप लावणंही चुकीचं आहे. जठर आणि आतड्यांच्या रक्तस्रावावरच्या हॉल्ट-आयटी या २०२० च्या चाचणीत चोवीस तास औषध चालवूनही मृत्यू कमी झाले नाहीत, शिरांतल्या गुठळ्या मात्र वाढल्या.

जी चूक जीव घेते

सिझेरियनच्या खोलीत पाठीत भूल देण्याच्या ट्रेवर बुपिव्हाकेनचं ॲम्प्यूल असतं. ट्रानेक्झॅमिकचं ॲम्प्यूल दिसायला पुष्कळदा तसंच असतं. घाईत ते पाठीच्या कण्यात गेलं, तर भूल चढत नाही. त्याऐवजी पाठीत, कुल्ल्यांत, पायांत भयंकर वेदना सुरू होतात, पाय झटके देऊ लागतात, मग आकडी येते आणि हृदयाची लय बिघडते. नोंदवलेल्या घटनांत जवळपास निम्मे रुग्ण दगावले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली याबद्दल खास इशारा दिला. उपाय साधा आहे: ट्रानेक्झॅमिक भुलीच्या ट्रेवर, भुलीच्या कपाटात ठेवूच नका. ते रक्तस्रावाच्या पेटीत वेगळं ठेवा आणि भरण्याआधी नाव मोठ्याने वाचून दुसऱ्याला दाखवा. 'भूल लागत नाही आणि बाई वेदनेने ओरडतेय' असं झालं, तर दुसरा डोस भरण्याआधी वापरलेलं ॲम्प्यूल हातात घेऊन त्यावरचं नाव वाचा.

जपानमध्ये उताको ओकामोतो आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने १९६२ साली हे औषध जगापुढे मांडलं. उताको यांना ते बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठी वापरून पाहायचं होतं. २०१६ साली त्या वारल्या आणि वुमन चाचणीचा निकाल त्यानंतर वर्षभराने आला.