ऐब निघाल्यावर सौदा मोडायचा आहे? खियारातल्या या चुका टाळा

विकत घेतलेल्या मालात ऐब निघाला तर सौदा मोडण्याचा हक्क इस्लामी फिक्हने, म्हणजे धर्मकायद्याने, ग्राहकाला दिला आहे. त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. सौदा करताना त्यासाठी वेगळी अट घालावी लागत नाही, कारण विकला जाणारा माल बिनऐब आहे हे सौद्यातच धरलेले असते. तरीही हा हक्क पुष्कळदा ग्राहकाच्या स्वतःच्याच हातून निसटतो, आणि तो निसटला आहे हे दुकानात भांडण सुरू झाल्यावर कळते. इथले नियम हनफी मसलकाप्रमाणे, म्हणजे फिक्हच्या हनफी परंपरेप्रमाणे, आहेत. शाफई मसलकात मोठा फरक आहे तिथे तो सांगितला आहे, कारण कोकणातले बरेच मुस्लिम शाफई आहेत.

आधी ऐब कशाला म्हणायचे ते ठरवू. रंग घरच्यांना आवडला नाही किंवा शेजारच्या दुकानात तीच वस्तू स्वस्त मिळाली, हा ऐब नव्हे. त्या मालाचे जाणकार व्यापारी ज्या दोषामुळे किंमत कमी लावतील तो ऐब. शिवाय तो ‘जुना’ असायला हवा, म्हणजे माल ग्राहकाच्या कब्जात येण्याआधीचा. सौदा ठरला पण माल अजून दुकानातच आहे आणि तेवढ्यात दोष उद्भवला, तर तोही जुनाच धरतात.

कापड आधी कापले, मग नीट पाहिले

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक ही. समजा, एकाने 2,000 रुपयांचे कापड घेतले, शिंप्याने ते कुर्त्याच्या मापाने कापले आणि मग आतल्या घडीत विणीचे धागे तुटलेले दिसले. ऐब जुना आहे, दुकानदाराकडचाच आहे. पण कापल्यामुळे कापडात दुसरा दोष आला आणि तो ग्राहकाच्या हातून आला. आता दुकानदारावर ते परत घेण्याची सक्ती करता येत नाही. ग्राहकाला मिळते ती फक्त ऐबाची भरपाई.

भरपाई मोजतानाही चूक होते. दोन निःपक्ष जाणकारांना विचारायचे की हे कापड बिनऐब असते तर सौद्याच्या दिवशी बाजारात त्याची किंमत किती होती, आणि या ऐबासकट किती. समजा, ते म्हणाले की बिनऐब 2,500 आणि ऐबासकट 2,000. ग्राहक लगेच 500 रुपये मागतो, पण हिशेब तसा नाही. ऐबामुळे किंमत 2,500 मध्ये 500 ने, म्हणजे पाचव्या हिश्श्याने उतरली. तोच पाचवा हिस्सा प्रत्यक्ष दिलेल्या 2,000 रुपयांतून काढायचा, म्हणजे 400 रुपये. ग्राहकाला कापड मुळात स्वस्त पडले होते, तो फायदा त्याच्याकडेच राहतो आणि भरपाई त्याच्या भावाच्या प्रमाणात बसते. हनफी फिक्हवर आधारलेली, 1869 ते 1876 या काळात ऑटोमन राज्यात तयार झालेली ‘मजल्ला’ ही संहिता कलम 346 मध्ये हीच रीत देते.

यात दोन वळणे लक्षात ठेवावीत. कापड नुसते कापलेले असेल आणि दुकानदार म्हणाला, ‘आणा तसेच, पूर्ण पैसे देतो’, तर भरपाईची मागणी संपते. मग कापड परत करा, नाहीतर आहे त्या किमतीत ठेवा. मात्र ते शिवून झाले असेल किंवा रंगवले असेल, तर त्यात ग्राहकाची स्वतःची भर पडलेली असते. आता दुकानदार तयार झाला तरी परतीचा मार्ग बंद होतो आणि भरपाईचा हक्क कायम राहतो. दुसरे असे की हे सगळे ऐब माहीत नसताना कापले तरच. तुटलेले धागे पाहूनही कात्री चालवली तर ती संमती ठरते आणि काहीच मागता येत नाही.

माल ठेवून ‘ऐबाचे पैसे कमी करा’ म्हणणे

वस्तू जशीच्या तशी परत करता येत असेल तर ग्राहकापुढे दोनच रस्ते असतात. परत करून पूर्ण पैसे घ्यायचे, किंवा ठरलेल्या पूर्ण किमतीत ठेवून घ्यायची. माल ठेवून किंमत कमी करून घेणे हा हक्क नाही (मजल्ला, कलम 337). दुकानदार राजीखुशीने सूट देत असेल तर ती जरूर घ्यावी, त्यात हरकत काही नाही. पण त्याने नकार दिला म्हणून त्याला जुलमी ठरवू नये. अशा वेळी विचारायचे ते एवढेच: ‘पूर्ण किमतीत ठेवू की परत करू?’

ऐब कळल्यावरही वापरत राहणे

मिक्सरचे भांडे गळते हे कळले, तरी पाहुणे आहेत म्हणून चार दिवस चटण्या वाटल्या. ऐब कळल्यानंतर मालकासारखा वापर केला की फिक्ह ते राजी होणे समजते आणि परतीचा हक्क जातो. विक्रीला काढल्यानेही तो जातो. जुन्या मोबाईलमध्ये दोष सापडल्यावर ‘बघू कोणी घेतो का’ म्हणून जाहिरात टाकली, तर पुढे कोणी घेतला नाही तरी पहिल्या विक्रेत्याकडे जाता येत नाही.

परत नेण्यासाठी लागणारी हालचाल मात्र वापरात मोजत नाहीत. फुकहाचे, म्हणजे फिक्हच्या विद्वानांचे, जुने उदाहरण जनावराचे आहे. ऐब कळल्यावर त्यावर बसून कामाला गेला तर हक्क गेला. विक्रेत्याकडे परत न्यायला, पाणी पाजायला किंवा त्याचा चारा आणायला नाइलाजाने बसला तर गेला नाही. गाडीलाही हेच लावून बघता येते: दुकानापर्यंत चालवत नेणे वेगळे आणि ऑफिसला नेणे वेगळे.

उशीर किती चालतो? हनफी मसलकात नुसत्या उशिराने हक्क बुडत नाही, राजी झाल्याची खूण दिसायला हवी. शाफई मसलकात मात्र ऐब कळताच, रीतीप्रमाणे शक्य तितक्या लवकर, परत करावे लागते आणि विनाकारण रेंगाळल्यास हक्क जातो. म्हणून मसलक कोणताही असो, ऐब दिसला की वस्तू बाजूला ठेवावी, फोटो काढावा आणि त्याच दिवशी विक्रेत्याला कळवावे.

अंडी, कलिंगड आणि चपलांची जोडी

काही मालाचा ऐब फोडल्याशिवाय कळत नाही. अंडे फोडले आणि ते कुजलेले निघाले, कशाच्याही उपयोगाचे नाही, तर त्यात विकण्यासारखे काही नव्हतेच. तो सौदा मुळातच बातिल, पूर्ण पैसे परत. कलिंगड कापले, ते फिके आणि पांढरट निघाले, पण निदान जनावराला घालता येईल असे आहे, तर परत करता येत नाही, भरपाई मागता येते. ‘कापल्याशिवाय कळणार तरी कसे?’ असे ग्राहकाला वाटते. पण कापण्याने वस्तूला घट आली आणि वस्तूला थोडी तरी किंमत उरली, म्हणून हा फरक आहे. विक्रेत्याने तरीही कापलेले परत घेतले तर प्रश्नच मिटला.

ढिगातल्या थोड्या खराबीला फिक्ह सूट देते. शंभर अंड्यांत दोन-तीन खराब निघणे बाजारात नेहमीचे, त्यावरून भांडता येत नाही. शंभरात दहा निघाली तर सगळी परत करून पूर्ण किंमत घेता येते.

एकाच सौद्यात अनेक वस्तू घेतल्या आणि कब्जा घेतल्यावर एकीत ऐब सापडला, तर तेवढीच तिच्या हिश्श्याच्या किमतीने परत करता येते. पण कब्जा घेण्याआधी ऐब दिसला तर सगळे घ्या किंवा सगळे सोडा. चपलांसारख्या जोडीतली एक कधीच वेगळी परत होत नाही, कारण परत आलेल्या एकीचा विक्रेत्याला उपयोग नाही.

‘पाहून घेतले होते ना?’ या प्रश्नाला गप्प बसणे

इथे दोन खियारांची गल्लत होते. न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर नाकारण्याचा हक्क म्हणजे खियार-ए-रुयत. त्याला ऐब लागत नाही. माल उत्तम असला तरी ‘नको’ म्हणता येते. तो फक्त ग्राहकाला असतो, विक्रेत्याला नाही. पाहण्याआधी ‘मी हा हक्क सोडला’ असे लिहून दिले तरी तो सुटत नाही. शाफई मसलकाच्या प्रमुख मतानुसार तर न पाहिलेल्या विशिष्ट वस्तूचा सौदाच सही होत नाही, म्हणून तिथे हा खियार लागू करण्याची वेळ येत नाही.

माल पाहून घेतला की रुयतचा हक्क संपतो, ऐबाचा नाही. पाहताना दिसू न शकलेल्या दोषासाठी तो उभाच असतो. गव्हासारख्या एकजिनसी मालात नमुना पाहणे पुरते, पण पोत्याचा माल नमुन्याहून हलका निघाला तर नाकारता येतो. एकेक नग वेगळा असतो अशा मालात, उदाहरणार्थ वेगवेगळ्या नक्षीच्या साड्यांत, वरची एक पाहणे म्हणजे सगळ्या पाहणे नव्हे. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर, ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आपल्यातला नाही असे सांगितले. आपणही पोत्यात हात कोपरापर्यंत घालून तळाचा दाणा वर काढावा.

पाटी वाचून मागे फिरणे

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी मन बदललेल्या ग्राहकासाठी ठीक आहे. तिने ऐबाची जबाबदारी आपोआप संपत नाही. हनफी मतानुसार ती संपते ती विक्रेत्याने सौद्यातच ‘याच्या कोणत्याही ऐबाला मी जबाबदार नाही’ असे स्पष्ट सांगितले आणि ग्राहकाने ते मान्य केले तर. भंगार किंवा जुन्या मशीनच्या व्यवहारात असे सर्रास होते, म्हणून तिथे ‘आहे तसे’ हे शब्द ऐकले की आधी जाणकार नेऊन तपासावे आणि मगच हो म्हणावे. माहीत असलेला ऐब लपवणे विक्रेत्यासाठी तरीही गुनाह राहतेच.

ऐब जुना आहे हे सिद्ध करण्याची तयारी नसणे

कब्जा घेण्याआधी ग्राहक एकट्याने सौदा रद्द करू शकतो. कब्जा घेतल्यावर मात्र विक्रेत्याची मंजुरी लागते, नाहीतर काझीचा निकाल. भारतात दुकानदार ऐकत नसेल तर न्यायालय किंवा ग्राहक आयोग 1930 चा माल विक्री कायदा आणि 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा पाहतो, फिक्ह नाही. फिक्हचा निकाल दोघांनी मुफ्तींचा शब्द मानला तर उपयोगी पडतो. वादाचे मूळ एकच असते: ऐब तुमच्याकडे झाला की आमच्याकडे? एका दिवसात उद्भवूच शकत नाही असा दोष, जसा लाकडाच्या गाभ्यातली वाळवी, स्वतःच आपले वय सांगतो. फोनच्या काचेची चीर तसे काही सांगत नाही. तिथे पुरावा ग्राहकाने द्यायचा, आणि तो नसेल तर ‘दिला तेव्हा हा ऐब नव्हता’ अशी विक्रेत्याची शपथ मानली जाते. म्हणून काच, स्क्रीन किंवा मोटर असलेला माल दुकानातच, विक्रेत्यासमोर चालू करून पाहावा आणि पावतीवर तारखेसह तशी नोंद करून घ्यावी.