प्रीप्रिंट वाचताना या चुका टाळा, आणि v1 वर थांबू नका

ठाणे-नवी मुंबईकडची बरीच मेडिकल पीजीची मुलं थेसिसची आकडेमोड तपासून घ्यायला माझ्याकडे येतात, जास्त करून पीएसएम आणि मायक्रोची. विषयात कोविड असला की आधीच्या अभ्यासांच्या रिव्ह्यूच्या टेबलात मला त्याच त्या चुका दिसतात. मुलं हुशार असतात, प्रश्न हुशारीचा नाहीच. त्यांना कोणीतरी दोन ओळींत शिकवलेलं असतं की पिअर रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञांकडून तपासणी, झालेला पेपर खरा आणि प्रीप्रिंट, म्हणजे त्या तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेला पेपर, हा कच्चा माल, किंवा मग उलट, प्रीप्रिंटच लेटेस्ट, जर्नलवाले वर्षभर उशीर करतात. दोन्ही नियम सोपे आहेत म्हणून टिकलेत, आणि दोन्हींनी माणूस फसतो.

एकच अभ्यास दोनदा मोजणं, आणि तोही v1 वरून

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे यावर जरा जास्त लिहिते. v1 म्हणजे प्रीप्रिंटचं पहिलं व्हर्जन.

मागे ऐरोलीची एक मुलगी आली होती. विषय अँटिबॉडी सर्व्हेचा, म्हणजे किती लोकांना नकळत कोविड होऊन गेला ते रक्त तपासून बघायचं. सबमिशन तोंडावर आलेलं, टेबल व्यवस्थित, रंगसुद्धा दिलेले. मी कुठलंही टेबल हातात आलं की आधी फक्त सँपल साइजचा कॉलम वरून खाली वाचते, बाकी काहीच बघत नाही. तर एका ओळीत ३,३३० आणि खाली काही ओळींनी परत ३,३३०. एकापुढे २०२०, दुसऱ्यापुढे २०२१.

मी म्हटलं, "अगं, हे दोन्ही एकच आहेत का?"

"नाही मॅडम, वर्ष वेगळं आहे ना. आणि हे जर्नलमधलं आहे, ते मेडआर्काइव्हचं."

दोन्ही उघडून शेजारी शेजारी ठेवले. कॅलिफोर्नियातली सँटा क्लारा काउंटी, एप्रिल २०२० चा सर्व्हे, तेच लोक, तेच टायटल. एक मेडआर्काइव्ह या साइटवरचा प्रीप्रिंट, एक तोच अभ्यास जर्नलमध्ये छापून आलेला. तिच्या एकत्रित सरासरीत तो दोनदा घुसला होता, म्हणजे त्याला दुप्पट वजन मिळालं होतं. आणि पहिल्या ओळीतला आकडा पहिल्या व्हर्जनचा, जो लेखकांनी स्वतःच दोन आठवड्यांत बदलला होता.

काय बदललं ते नीट बघा, कारण प्रीप्रिंट कसा वाचायचा ते या एका केसमध्ये सगळं आहे. १७ एप्रिल २०२० ला v1 आला. ३,३३० लोकांपैकी ५० पॉझिटिव्ह, म्हणजे दीड टक्का. काउंटीच्या लोकसंख्येप्रमाणे वजन देऊन, टेस्टच्या चुकांची दुरुस्ती करून त्यांनी वेगवेगळ्या गृहीतकांनुसार प्रमाण २.४९ ते ४.१६ टक्के सांगितलं, म्हणजे अधिकृत केसेसच्या ५० ते ८५ पट. जगभर बातमी झाली.

आता टेस्ट किती चुकते ते कसं तपासलं होतं? ज्यांच्यात अँटिबॉडी नाहीत याची खात्री आहे असे ४०१ नमुने घेतले, त्यातले २ चुकून पॉझिटिव्ह आले. म्हणजे अर्धा टक्का खोटे पॉझिटिव्ह. पण ४०१ मध्ये २ एवढ्यावर खरा दर पक्का कळत नाही, तो एक दशांश टक्का असू शकतो, तसा दीड टक्क्याच्या वरही असू शकतो. आता कागद घ्या आणि ३,३३० चे दीड टक्का काढा. ५० येतात. म्हणजे नशीब वाईट असेल तर सर्व्हेतले सगळेच्या सगळे ५० पॉझिटिव्ह खोटे असू शकतात! अर्धा टक्का धरला तरी १७ जण खोटे. हे गणित आठवीतल्या मुलाला जमेल, पण बातमी फॉरवर्ड करणाऱ्या कोणी ते केलं नव्हतं. त्यात लोक फेसबुकच्या जाहिरातीतून बोलावलेले, मग ज्याला आधी ताप येऊन गेलाय तोच टेस्ट करून घ्यायला जास्त उत्सुक असणार, हा वेगळा मुद्दा, आणि तो नंतरच्या व्हर्जनमध्येही पूर्ण सुटत नाही.

कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या अँड्र्यू गेलमन यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञांनी दोन-तीन दिवसांत उघडपणे हेच लिहिलं. एप्रिल संपता संपता v2 आला. त्यात ४०१ च्या जागी ३,३२४ नमुने होते, १६ खोटे पॉझिटिव्ह. दर तोच, साधारण अर्धा टक्का, पण आता त्याच्यावर जास्त विसंबता येतं. आणि निकाल? मधला आकडा २.८ टक्के, रेंज १.३ ते ४.७. म्हणजे नमुने वाढले तरी रेंज v1 मधल्या कुठल्याही एका अंदाजाच्या रेंजपेक्षा रुंद झाली, कारण आधीची रेंज खोट्या आत्मविश्वासाची होती, अनिश्चितता पूर्ण धरलेलीच नव्हती. मला पेपरात हेच बघायचं असतं. मधला आकडा सगळे वाचतात, रेंज कुठून आली ते कोणी वाचत नाही.

म्हणून माझी सवय अशी आहे. मेडआर्काइव्हवर पान उघडलं की अ‍ॅब्स्ट्रॅक्टच्या आधी `Info/History` हा टॅब दाबायचा. किती व्हर्जन आहेत, कुठल्या तारखेचे, ते तिथे दिसतं. जर्नलमध्ये आलं असेल तर पानावर तशी लिंकही असते, पण ती कधी कधी लागलेलीच नसते, म्हणून टायटल आणि पहिल्या लेखकाचं नाव टाकून वेगळं शोधायचं. मग दोन व्हर्जनचे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट समोरासमोर ठेवून फक्त आकडे ताडून बघायचे. वेळ लागतो. "मॅडम, एवढं सगळ्या पेपरांचं करायचं?" असं विचारणाऱ्याला माझं उत्तर हो असंच असतं, आणि तेवढा वेळ नसेल तर टेबलात पेपर कमी घ्या.

हा खोट्या पॉझिटिव्हचा हिशोब प्रत्येक सर्व्हेला सारखाच लागू होतो असं समजू नका. जुलै २०२० मध्ये आपल्या मुंबईत माटुंगा, चेंबूर, दहिसरकडच्या तीन वॉर्डांत सर्व्हे झाला, झोपडपट्टीत निम्म्याहून जास्त लोक पॉझिटिव्ह, बाहेर साधारण १६ टक्के. तिथे टेस्ट एक-दीड टक्का चुकली तरी चित्र बदलत नाही. तोही आधी प्रीप्रिंट होता, नंतर लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला. दोन प्रीप्रिंट, एकच प्रकारचा अभ्यास, आणि भरवशात एवढा फरक, तो फरक जर्नलच्या शिक्क्यामुळे नाही, पॉझिटिव्हचं प्रमाण टेस्टच्या चुकीपेक्षा किती मोठं आहे त्यामुळे.

शिक्का बघून विश्वास ठेवणं

"पण हा लॅन्सेटमध्ये आहे" हे वाक्य ऐकलं की मी सर्जिस्फिअरची केस सांगते. २२ मे २०२० ला लॅन्सेटमध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवर पेपर आला, ९६,०३२ पेशंट, ६७१ हॉस्पिटलं, सहा खंड, औषधाने मृत्यू वाढतात असा निष्कर्ष. तीन दिवसांत डब्ल्यूएचओने आपल्या ट्रायलमधला त्या औषधाचा भाग थांबवला. मग कोणीतरी ऑस्ट्रेलियाचे आकडे ताडून बघितले. पेपरात २१ एप्रिलपर्यंत तिथल्या मोजक्या हॉस्पिटलांत ७३ मृत्यू, आणि अख्ख्या देशात तोवर नोंदलेले मृत्यू होते ६७. मूळ डेटा सर्जिस्फिअर या कंपनीकडे, तो बाहेरच्या ऑडिटला द्यायला त्यांनी नकार दिला, सहलेखकांनाही तो तपासता येईना, आणि ४ जूनला पेपर मागे घेतला गेला.

रिव्ह्यूअर झोपलेले होते असं नाही. रिव्ह्यूअर म्हणजे दोन-तीन माणसं, स्वतःचं काम सांभाळून लेखकांनी लिहिलेलं वाचणारी. पद्धत बरोबर आहे का, निष्कर्ष आकड्यांच्या पुढे पळतोय का, हे ते बघतात. मूळ डेटाची फाइल बहुतेक वेळा त्यांच्यासमोर येतच नाही, त्यामुळे ते पेशंट खरंच होते का हे त्यांना कळणार कसं?

आता याच्या शेजारी आयव्हरमेक्टिन या औषधावरचा इजिप्तमधला प्रीप्रिंट ठेवा, रिसर्च स्क्वेअर या प्रीप्रिंटच्याच दुसऱ्या साइटवर नोव्हेंबर २०२० मध्ये आलेला. मृत्यू जवळजवळ ९० टक्क्यांनी कमी झाल्याचा दावा, त्यामुळे तो बऱ्याच एकत्रित विश्लेषणांत गेला आणि त्यांचे निकाल त्यानेच वर ओढले. तो कोणी पकडला तर लंडनमधल्या एका मास्टर्सच्या विद्यार्थ्याने. डेटाची फाइल पासवर्ड लावून ठेवलेली, त्याने अंदाजाने १२३४ टाकलं आणि उघडली. आत काही पेशंटचा मृत्यू अभ्यास सुरू व्हायच्या आधीच्या तारखेचा, काही पेशंटच्या ओळी एकमेकींच्या कॉपीसारख्या. जुलै २०२१ मध्ये प्रीप्रिंट काढला गेला आणि ती विश्लेषणं परत करावी लागली.

दोन्हीकडे घोळ डेटात, एकीकडे शिक्का होता, दुसरीकडे नव्हता. म्हणून मी मुलांना आधी विचारायला लावते की मूळ डेटा कोणी पाहिलाय, कोणाला मागता येतो, आणि प्रोटोकॉल आधीपासून नोंदवलेला होता का. डेक्सामेथासोन या औषधाचा रिकव्हरी ट्रायल याच कारणाने प्रीप्रिंट असतानाच भरवशाचा होता. प्रोटोकॉल जाहीर, ६,४२५ पेशंट चिठ्ठ्या टाकून दोन गटांत, मृत्यू हा निकाल, ज्यात मतभेदाला जागा नाही. २२ जून २०२० च्या प्रीप्रिंटमध्ये मृत्यू औषध दिलेल्यांत २१.६, न दिलेल्यांत २४.६ टक्के, जुलैत न्यू इंग्लंड जर्नलमध्ये २२.९ विरुद्ध २५.७. फॉलोअप पूर्ण होत गेला तसे आकडे थोडे सरकले, निष्कर्ष जागचा हलला नाही.

बाकीच्या, थोडक्यात

डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, आहे म्हणजे छापून आलंय असं नाही, प्रीप्रिंटलाही डीओआय मिळतो.

पबमेडवर सापडलं म्हणजे रिव्ह्यू झालंय असंही नाही. जून २०२० पासून काही प्रीप्रिंट तिथे दिसतात, टायटलच्या आसपास तसं लिहिलेलं असतं, वाचा.

मेडआर्काइव्हने घेतलं म्हणजे तपासलं असं समजू नका. ते नक्कल, नैतिक मंजुरी, पेशंटची ओळख उघड होत नाही ना, लोकांना धोका होईल असं काही नाही ना, एवढं बघतात. निष्कर्ष बरोबर आहे का हे बघणं त्यांचं कामच नाही.

खालच्या कमेंट्स आणि पबपिअर ही पेपरांवर चर्चा करायची साइट वाचायचा कंटाळा करू नका, पण शंभर कमेंट्सपैकी ज्यात आकडा किंवा तक्ता क्रमांक दिलाय तेवढ्याच वाचा, बाकी भांडणं असतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या स्क्रीनशॉटवरून सायटेशन लिहिणाऱ्यांचं टेबल मी हल्ली तपासतच नाही, परत पाठवते.

आणि सायट करताना व्हर्जन आणि बघितल्याची तारीख लिहा. ऐरोलीच्या त्या मुलीने शेवटी सँटा क्लाराची एकच ओळ ठेवली, जर्नलची, आणि खाली टीप घातली की v1 आणि v2 मध्ये रेंज का बदलली. सबमिशन एका आठवड्याने पुढे गेलं, कारण मग तिने बाकीच्या ओळींचेही `Info/History` उघडले आणि तिला अजून एक जोडी सापडली.