व्हेंडरला सर्व्हरवर घेण्याआधीची तयारी: मुदत संपल्यावर सेशन तुटतं का?

पुढच्या महिन्यात आमच्याकडे पुन्हा डेटाबेसचं काम निघालंय आणि व्हेंडरचा इंजिनिअर पुण्याहून गेटवेमार्फत, म्हणजे बाहेरच्यांना मुदतीपुरतं सर्व्हरवर सोडणाऱ्या आणि त्यांची स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्या आमच्या यंत्रणेतून, येणार आहे. मागच्या वेळी याच कामात माझ्या हातून एक मोठी गोष्ट राहून गेली होती, म्हणून या वेळी यादी आधीच लिहून ठेवतोय. ज्यांच्याकडे बाहेरचे लोक ॲडमिन म्हणून सर्व्हरवर येतात त्यांनी ती जशीच्या तशी घ्यावी.

आधी काय घडलं ते. पोळ्याच्या रात्री ११ ते ३ अशी मुदत मंजूर केली होती. दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे नागपुरात सुट्टी. ऑफिस बंद असणार, काही बिघडलं तर निस्तरायला दिवस मिळेल, असा हिशोब होता. काम दीड वाजताच आटोपलं. इंजिनिअरने फोनवर "झालं" सांगितलं, मी टिकीट बंद केलं आणि झोपलो. सकाळी इकडे महालात मिरवणूक निघालेली असताना पुण्याच्या आणि नाशिकच्या गोदामांतून फोन सुरू झाले, की बिलं निघत नाहीत. मारबतीची सुट्टी फक्त आम्हाला होती, त्यांना नव्हती. वीस मिनिटं बिलिंग बंद होतं.

कारण रेकॉर्डिंगमध्ये सापडलं. रात्री १:३५ पासून स्क्रीन जागच्या जागी, प्रॉम्प्टवर कर्सर लुकलुकतोय, तास उलटताहेत. १०:४१ ला अचानक हालचाल होते आणि `systemctl restart postgresql` टाइप होतं. इंजिनिअरने त्याच्या ऑफिसातलं मशीन रात्री चालूच ठेवलं होतं. सकाळी तीन-चार खिडक्या उघड्या होत्या, त्यात आमची त्याला टेस्टची वाटली. मंजुरी तीनला संपली होती. सेशन पावणेअकरालाही जिवंत होतं.

म्हणून यादीतली पहिली गोष्ट हीच, आणि पुढेही ती मी पुन्हा पुन्हा लिहिणार आहे: मुदत संपल्यावर चालू सेशन तुटतं का, हे स्वतः करून बघा. सेटिंगच्या पानावर शेवटची वेळ दिसते म्हणजे ते तुटेल असं धरून चालू नका. बहुतेक ठिकाणी मुदत तपासली जाते ती दारात, लॉगिनच्या क्षणी. एकदा आत आलेल्या माणसाला पुन्हा कोणी विचारत नाही. हे फक्त गेटवेचं नाही. लिनक्सवर `chage -E` ने अकाउंटची तारीख संपवली तरी आधीपासून लॉगिन असलेला माणूस काम करत राहतो. एसएसएचची सर्टिफिकेटं घ्या:

```
ssh-keygen -s vendor_ca -I vendor-01 -n vendor_adm -V +4h id_ed25519.pub
```

यातले चार तास म्हणजे चार तासांच्या आत लॉगिन करता येईल, एवढंच. तीन तास एकोणसाठ मिनिटांनी आत शिरलेला माणूस दुसऱ्या दिवसापर्यंत बसू शकतो. पासवर्ड बदलला तरी तेच, उघड्या सेशनला पासवर्ड पुन्हा लागत नाही. आमच्या गेटवेत "मुदत संपताच चालू सेशन बंद करा" असा वेगळा पर्याय होता आणि तो मुळात बंद होता. तुमच्याकडे त्याला दुसरं नाव असेल, पण तो शोधा.

करून बघायचं असं. टेस्ट सर्व्हरवर व्हेंडरच्याच अकाउंटला दहा मिनिटांची मंजुरी द्या, आत जा आणि दर पाच सेकंदांनी वेळ छापणारं काहीतरी चालू ठेवा. अकराव्या मिनिटाला खिडकी बंद झाली पाहिजे. नाही झाली, तर पुढची यादी वाचू नका, आधी हे सोडवा.

खिडकी बंद झाली तरी काम अर्धंच झालंय. गेटवेने तोडलं ते त्याचं आणि व्हेंडरचं नातं. सर्व्हरवर काय उरलंय ते सर्व्हरवर जाऊनच कळतं. त्याच चाचणीत, वेळ संपण्याआधी, हे सुरू करून ठेवा:

```
tmux new -d 'while :; do date >> /tmp/t.log; sleep 5; done'
```

सेशन तुटल्यावर दुसऱ्या अकाउंटने जाऊन `/tmp/t.log` बघा. फाइल अजून वाढत असेल, तर व्हेंडरचं काम त्याच्यामागेही चालू आहे आणि गेटवेला त्याचा पत्ता नाही. बऱ्याच लिनक्सवर लॉगआउटनंतर अशा प्रक्रिया मारल्या जात नाहीत, त्यामुळे ती वाढणारच असं समजा. मुदतीनंतर पाच मिनिटांनी `loginctl terminate-user vendor_adm` आपोआप चालेल अशी सोय करा. नुसत्या `pkill -u vendor_adm` वर भिस्त ठेवू नका. सुडोने रूट म्हणून सुरू केलेलं काम त्याला सापडत नाही. `crontab` आणि `atq` हातानेच तपासा, कारण तिथे ठरवून ठेवलेलं काम अजून सुरूच झालेलं नसतं, मग ते मारणार कोण?

विंडोजवर तर हे जास्तच फसवं आहे. गेटवेने रिमोट डेस्कटॉप तोडला की सर्व्हरवर लॉगऑफ होत नाही, सेशन फक्त डिस्कनेक्ट होतं. उघडलेले प्रोग्रॅम तसेच चालू राहतात. `quser` दिलं की त्या नावापुढे `Disc` दिसतं. तसं दिसलं तर त्यातला आयडी घेऊन `logoff` द्या, आणि डिस्कनेक्ट झालेली सेशन ठरावीक वेळाने संपवायची ग्रुप पॉलिसी लावून ठेवा.

निष्क्रिय सेशन तोडणारा आयडल टाइमआउटही याच गटातला. आमच्याकडे तो बंद होता, आणि बंद मीच केला होता, कारण मोठा डेटा कॉपी होताना मध्येच सेशन तुटायचं. तसं करू नका. लांब चालणारं काम जॉब म्हणून लावायला सांगा आणि टाइमआउट १५ मिनिटांवर ठेवा. त्या रात्री तो चालू असता तर पावणेदोनच्या आसपास सगळं संपलं असतं.

आता मंजुरी. एका कामाला एक मंजुरी, एका माणसाच्या नावाने, एका सर्व्हरसाठी. "व्हेंडर१" नावाचं सामायिक अकाउंट देऊ नका, नंतर रेकॉर्डिंगमध्ये हात कोणाचा होता हे कुणालाच सांगता येत नाही. मंजुरीच्या अर्जात टिकीट नंबर तर हवाच, पण सोबत करायच्या कामांची यादीही हवी. कोणती सर्व्हिस थांबवणार, कोणती फाइल बदलणार, हे पाच-सहा ओळींत त्यांच्याकडूनच लिहून घ्या. व्हेंडर कंटाळा करतात, तरी घ्या. ती यादी नसेल तर नंतर रेकॉर्डिंग कशाशी ताडून बघणार? मंजुरी देणारा झोपलेला असेल तर पर्यायी माणूस कोण, तेही आधीच ठरवा. मुदत वाढवून हवी असेल तर नवी मंजुरी. फोनवर "अजून एक तास द्या" म्हटलं की शेवटची वेळ सरकवायची नाही. आणि गेटवेचं घड्याळ कोणत्या वेळेवर चालतं ते बघा. यूटीसीवर असेल तर रात्रीचे ११ म्हणजे तिथले १७:३०. आपल्या हिशोबाने ३ लिहिलेत तर मुदत सकाळी साडेआठला संपेल.

वाट एकच हवी. पोर्ट २२ आणि ३३८९ फायरवॉलवर फक्त गेटवेच्या पत्त्यावरून उघडे ठेवा. व्हीपीएनमधून सरळ सर्व्हरवर जाता येत असेल तर रेकॉर्डिंगला काही अर्थ उरत नाही. व्हेंडरच्या जुन्या किल्ल्या `authorized_keys` मधून काढा. पासवर्ड गेटवेनेच भरावा, व्हेंडरला तो कळूच नये, आणि सेशन संपलं की बदलावा. पण लक्षात ठेवा, पासवर्ड बदलल्याने चालू सेशन तुटत नाही.

रेकॉर्डिंगमध्ये काय येत नाही हे आधी समजून घ्या. टर्मिनलवर जे छापलं जातं ते येतं. `bash fix.sh` एवढीच ओळ दिसली तर त्या फाइलमध्ये काय होतं हे स्क्रीनवरून कळणार नाही. म्हणून चालवायची प्रत्येक स्क्रिप्ट आधी मागवा आणि तिची प्रत टिकीटाला जोडा. एसएफटीपीने आलेली-गेलेली फाइल टर्मिनलच्या चित्रात दिसत नाही, त्याची वेगळी नोंद चालू करा. पोर्ट फॉरवर्डिंग बंद ठेवा, सर्व्हरवर `AllowTcpForwarding no`, कारण बोगद्याच्या आत काय गेलं ते रेकॉर्ड होत नाही. दाबलेल्या कळांची नोंद ठेवत असाल तर त्यात पासवर्डही येतात. तेव्हा ते रेकॉर्डिंग कोणाला उघडता येईल हे मोजून ठरवा, आणि व्हेंडरला तर मुळीच नाही.

तपासणी सेशननंतर दोन कामाच्या दिवसांत व्हावी. मंजुरी ज्याने दिली त्याने ती करू नये. माझ्या प्रसंगात मंजुरी देणारा मी आणि तपासणाराही मीच होतो, म्हणून फोन येईपर्यंत रेकॉर्डिंग कोणी उघडलंच नाही. चार तास बसून बघायची गरज नाही. आधी सेशन किती वाजता सुरू झालं आणि किती वाजता संपलं ते बघा आणि मंजुरीच्या वेळेशी ताडा. ही पहिली ओळ आहे, इथेच आमचं सगळं दिसलं असतं. शेवट मंजुरीच्या पुढे गेलेला असेल तर बाकी तपासणी नंतर, आधी ते का झालं हे शोधा. मग कामांची यादी हातात घेऊन कमांड शोधत जा: सुडो, `useradd`, `crontab`, `authorized_keys`, फाइलींची ने-आण. यादीत नसलेली प्रत्येक गोष्ट व्हेंडरला लेखी विचारा. लांब शांततेनंतरची हालचाल पूर्ण बघा. शेवटची दहा मिनिटंही पूर्ण बघा, माणूस जाताना काय मागे ठेवून गेला ते तिथे दिसतं.

जपणूक: सीईआरटी-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस, भारतातच. घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपीशी जुळलेली. व्हिडिओला जागा लागते, डिस्क भरल्यावर गेटवे काय करतो ते बघून ठेवा. रेकॉर्डिंग बंद पडून सेशन चालू राहत असेल तर ते चालणार नाही, सेशनच थांबलं पाहिजे.

कामाच्या दिवशी: मंजुरी, टिकीट, बॅकअप झाल्याची खात्री, दोघांचे फोन नंबर. काम झालं की गेटवेच्या पानावर चालू सेशनची संख्या शून्य. सर्व्हरवर `loginctl list-sessions` मध्ये व्हेंडरचं नाव नाही. विंडोजवर `quser` मध्येही नाही. टिकीट त्यानंतर बंद.

दहा मिनिटांची चाचणी मी शुक्रवारी घेतोय, खऱ्या गेटवेवर, व्हेंडरच्याच अकाउंटने. सेशन अकराव्या मिनिटाला तुटलं नाही, तर पुण्याच्या इंजिनिअरला तारीख पुढे ढकलायला सांगणार आहे.