एचडीपीई लाइनवर मॅगमीटरचं रीडिंग नाचत होतं: माझा अनुभव

अंबड एमआयडीसीतल्या आमच्या प्लांटची 80 मिमी सांडपाण्याची लाइन. गाळ ओरिफिस प्लेटमागे साचतो, म्हणून मॅगमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या मदतीने प्रवाह मोजणारा मीटर, घेतला. पंप एकसारखा चालू, रीडिंग मात्र 9 ते 16 घनमीटर/तास.

डॅम्पिंग वाढवलं, केबल बदलली. आठवडा वाया गेला.

आमची लाइन एचडीपीई प्लॅस्टिकची. ते वीज वाहून नेत नाही, त्यामुळे पाणी आणि मीटर बॉडी एका पोटेन्शियलवर येत नव्हते. पंप बंद करून लाइन रिकामी केली. दोन्ही फ्लँजमध्ये एसएस 316 ची अर्थिंग रिंग बसवली, तिच्या दोन्ही बाजूंना गॅस्केट. रिंगची आतली कड पाण्याला लागलीच पाहिजे. आमचं एक गॅस्केट आत सरकलं होतं, ते पुन्हा बसवलं. रिंगच्या बाहेर आलेल्या पट्ट्या तांब्याच्या वायरने मीटरच्या अर्थ टर्मिनलला जोडल्या. मग लाइन पूर्ण भरून, प्रवाह थांबवून झिरो घेतला.

आता 12 वर स्थिर.