‘असं करा’ म्हणजे कसं: छोट्या व्हिडिओतलं दृश्य आवाजातून कसं सांगावं

खरीप जवळ आला की आमच्या औसा-निलंगा भागात सोयाबीनच्या उगवण चाचणीचे व्हिडिओ मोबाईलवर फिरू लागतात. एक-दीड मिनिटाचे, कामाचे. पण आमच्या गावातल्या एका काकांना ते काहीच कामाचे नाहीत. त्यांची नजर पूर्ण गेलीय. पेरणी मुलगा करतो, पण घरचं बी वापरायचं की विकत घ्यायचं हे अजून काकाच ठरवतात. असला एखादा व्हिडिओ लावला की त्यांचा एकच सवाल असतो, “असं म्हंजे कसं रे?”

तेव्हा याच चाचणीचा एक मिनिटाचा व्हिडिओ घेऊ. बोलणारे तुम्हीच असाल, तर दृश्याचं वर्णन तुमच्याच बोलण्यात विणायचं. वर्णनाचा दुसरा आवाज नंतर वरून चिकटवा असा सल्ला सर्रास मिळतो. सिनेमात तो चालतो, कारण तिथे संवादांच्या मधे मोकळी जागा सापडते. मिनिटभराच्या व्हिडिओत तुम्ही सलग बोलत असता, मग तो दुसरा आवाज बसवणार कुठे?

चित्रीकरण नेहमीसारखंच करा. फक्त प्रत्येक शॉट काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर दोन-तीन सेकंद जास्त घ्या, पुढे उपयोगी पडेल.

मग कच्चा व्हिडिओ लावून मोबाईल पालथा ठेवा आणि नुसतं ऐका. ‘असं’, ‘एवढं’, ‘इथं’, ‘हे बघा’ आलं की कागदावर रेघ मारा. चित्राशिवाय कळत नाही असा आवाज आला तरी मारा. मागे शेळी पोत्याला तोंड लावते आणि सगळे हसतात, तर न पाहणाऱ्याला नुसता हशा ऐकू येतो. तिथे “शेळीनं बियाण्यात तोंड घातलं” एवढं बोला, नाहीतर तो तुकडा काढून टाका.

आता खरं अवघड काम, म्हणजे त्या रेघांच्या जागी काय बोलायचं. मलाही हाच टप्पा सगळ्यात जड गेला. असे व्हिडिओ साधारण या बोलीत असतात:

“मित्रांनो, असं पोतं घ्यायचं, ओलं करायचं. त्यावर अशा ओळीत बी मांडायचं, एवढं अंतर ठेवायचं. मग अशी गुंडाळी करायची. आणि सात दिवसांनी बघा काय रिझल्ट आलाय!”

यातून काकांच्या हाती काय लागतं? पोतं, पाणी, सात दिवस. किती दाणे, किती अंतर, निकाल चांगला की वाईट, हे सगळं पडद्यावरच राहिलं.

इथे बहुतेक जण दुसऱ्या टोकाला जातात. “निळा शर्ट घातलेला मी अंगणात बसलो आहे, मागे पत्र्याचं शेड आहे, वर निरभ्र आकाश...” शर्टाचा उगवणीशी काय संबंध? मी एकच कसोटी लावतो: हे सांगितलं नाही तर ऐकणाऱ्याचं काम चुकेल का, किंवा त्याला वेगळंच काही वाटेल का? दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल तर वाक्य गाळा. या व्हिडिओत हात काय करतायत, माप किती आणि शेवटी काय दिसलं, एवढंच लागतं.

माप सांगताना सेंटिमीटरच्या मागे लागू नका. ज्याला दिसत नाही त्याला बोटाचं माप लगेच लागतं. आणि ‘उजवीकडे’ म्हणू नका. तुमची उजवी बाजू की पडद्याची? ‘माझ्याकडचा काठ’ म्हटलं की भानगड मिटते.

तेच बोलणं मी असं बसवीन:

“धुतलेलं गोणपाट पाण्यात भिजवून, पिळून जमिनीवर पसरलंय. माझ्याकडच्या काठापासून चार बोटं सोडून दहा दाण्यांची एक ओळ मांडतोय. दोन दाण्यांत अंगठ्याच्या एका पेराएवढं अंतर. अशा दहा ओळी, म्हणजे शंभर दाणे. वरून दुसरं ओलं गोणपाट टाकलं, हलक्या हातानं वळकटी केली, दोन्ही टोकं सुतळीनं बांधली. सावलीत ठेवून ओल टिकवली. आज सातवा दिवस, वळकटी उलगडतोय. 78 दाण्यांना चांगले सरळ कोंब आलेत. 14 कुजलेत, दाबले की पिचकतात आणि वास येतो. 8 जसेच्या तसे कडक आहेत. उगवण 78 टक्के. 70 च्या वर आहे, म्हणून हे बी मी पेरणार.”

‘रिझल्ट बघा’च्या जागी काय आलं ते पाहा. कुजलेला दाणा तपकिरी दिसतो हे सांगून काकांना काय फायदा? दाबला की पिचकतो आणि वास येतो, हे ते स्वतःच्या हातानं तपासू शकतात. दिसणाऱ्या गोष्टीला स्पर्शाची किंवा वासाची खूण असेल तर ती आधी सांगा. रंग सांगायला बंदी नाही, अंधुक दिसणाऱ्यांना आणि नजर नंतर गेलेल्यांना तो कळतो. पण नुसत्या रंगावर निकाल सोडू नका.

पडद्यावर हिरव्या खुणेशेजारी ‘78%’ झळकवला असेल, तर तो आकडा तोंडानंही यायलाच हवा. सात दिवसांची उडी चित्रात कळते, आवाजात कळत नाही, म्हणून “आज सातवा दिवस” हे शब्द हवेतच.

वेळेचं गणित इथेच अडतं. सावकाश, स्पष्ट मराठी मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द बसते. शब्द उरले की लोक भरभर बोलतात किंवा ॲपमध्ये आवाजाचा वेग वाढवतात. तसं अजिबात करू नका. आधी “मित्रांनो, चॅनल सबस्क्राईब करा” कापा. तरी बसेना, तर शॉटचे ते जास्तीचे सेकंद वापरा, तेही संपले तर शेवटची फ्रेम दोन सेकंद गोठवा. वाक्य कृतीच्या बरोबर किंवा किंचित आधी पडू द्या. मागून आलं तर अंधुक दिसणाऱ्याला पडद्यावर वळकटी दिसते आणि कानावर दाण्यांची ओळ पडते, त्याचा जास्तच गोंधळ होतो.

आवाज घरात, पंखा बंद करून रेकॉर्ड करा. बोलणं चालू असताना संगीत अगदी खाली ठेवा, गाण्याचे बोल असलेलं तर नकोच.

शेवटी तपासणी. डोळे मिटून स्वतः ऐकणं पुरेसं नाही, कारण चित्र तुमच्या डोक्यात आधीच आहे. ज्यांना दिसत नाही अशा माणसाला ऐकवा, आणि “कळलं का?” असं विचारू नका. आपल्याकडे समोरच्याचं मन राखायला माणूस ‘हो’च म्हणतो. “आता तुम्ही कसं कराल ते सांगा” म्हणा. काका सांगताना दाण्यांच्या अंतरापाशी अडखळले, तर तेवढं वाक्य बदला आणि त्याच खोलीत, मोबाईल तोंडापासून तेवढ्याच अंतरावर धरून पुन्हा बोला, म्हणजे जोड ऐकू येत नाही.