चौथीचे सममूल्य अपूर्णांक: घड्या आणि पट्ट्यांच्या तासाची तयारी

आदल्या दिवशी सर्वांत आधी कागद मोजून घ्या. ए-फोर कागद २९.७ सेंमी लांब आणि २१ सेंमी रुंद असतो. लांबीतले २४ सेंमी ठेवून रुंदीचे तीन-तीन सेंमीचे तुकडे पाडले की बरोबर सात पट्ट्या निघतात, आणि आपल्याला सातच लागतात. एक अखंड, बाकीच्या २, ३, ४, ६, ८ आणि १२ समान भागांच्या. म्हणजे एका मुलामागे एक कागद, वर चार-पाच जादा. लांबी २४च घ्यायची, कारण या सगळ्या संख्यांनी तिला पूर्ण भाग जातो आणि मुलांना पट्टीवर अधलेमधले मिलिमीटर मोजावे लागत नाहीत. पट्ट्या घरून कापून आणायला सांगू नका. मी एकदा सांगितल्या होत्या. प्रत्येकाचा ‘अर्धा’ वेगळ्या लांबीचा आला आणि तास त्यातच गेला.

पट्ट्या कापून ठेवा, पण त्यांवर रेघा मारून ठेवू नका. दोन, चार आणि आठ भाग मुलं घड्या घालून करतील. तिनाची घडी लहान हातांना नीट जमत नाही, म्हणून ८ आणि १६ सेंमीवर खुणा करायला सांगा. सहासाठी दर ४ सेंमीवर आणि बारासाठी दर २ सेंमीवर.

घडीसाठी प्रत्येकी दोन चौकोनी कागद वेगळे ठेवा, पाठकोरे असले तरी चालतील. रंगवायला रंगीत पेन्सिली घ्या. स्केचपेन मागे उमटतं आणि मग रंगवलेला भाग कोणता यावरच वाद होतो.

घड्यांचा क्रम आधी स्वतः करून पाहा. कागद मधोमध दुमडायचा, उघडायचा, एक भाग रंगवायचा: १/२. पुन्हा तसाच दुमडून आडवी घडी घालायची आणि उघडण्याआधी विचारायचं, आता किती भाग दिसतील? चार बहुतेकांना जमतात. आणखी एका घडीनंतर मात्र बरीच मुलं सहा म्हणतात. तिथे दुरुस्त करू नका, कागद उघडू द्या. आठ भाग, त्यातले चार रंगवलेले. मग एवढंच विचारा: रंग वाढला का? रंग तेवढाच आहे, भाग मात्र दुप्पट झाले आणि रंगवलेले भागही दुप्पट झाले. दुसऱ्या कागदावर अर्धा भाग रंगवून आडवे तीन भाग करा, म्हणजे ३/६ मिळेल. ही पायरी गाळली तर ‘सममूल्य म्हणजे दुप्पट’ असा समज पक्का होतो.

मग पट्ट्या. सगळ्यांची डावी कडा वहीच्या समासाला लावून एकाखाली एक मांडायच्या आणि १२ सेंमीवर मोजपट्टी उभी ठेवायची. २/४, ३/६, ४/८, ६/१२ या सगळ्यांची रेघ तिथे येते. तीन भागांच्या पट्टीची येत नाही. ती का येत नाही हे मुलांनाच सांगू द्या. पाव किलो दोनदा घेतलं की अर्धा किलो होतं, हे दुकानात जाणाऱ्या मुलांना ठाऊक असतं; ते इथे जरूर काढा.

आता चुकांची तपासणी. फेरी मारताना कागदाकडे पाहा, उत्तराकडे नंतर. काही मुलं भागांऐवजी घडीच्या रेषा मोजतात: पट्टीवर तीन रेषा दिसल्या की छेद ३. त्यांना प्रत्येक भागात १, २, ३, ४ असे आकडे लिहायला लावा. काहींना १/८ हा १/४ पेक्षा मोठा वाटतो, कारण ८ मोठे. त्यांच्या हातात दोन्ही पट्ट्यांचा एकेक भाग द्या: ३ सेंमी आणि ६ सेंमी.

सर्वांत चिवट चूक बेरजेची, आणि ती घडीच्या कागदावर दिसतच नाही. म्हणून शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा आणि फळ्यावर ३/४ = ?/८ लिहा. पट्ट्या दप्तरात. जो ७ लिहितो त्याने ४ चे ८ करायला ४ मिळवले आणि तेच वरही मिळवले. मग पट्ट्या बाहेर काढायच्या: ३/४ येतो १८ सेंमीवर, ७/८ येतो २१वर. १८वर आठांच्या पट्टीचे किती भाग संपतात? सहा. चारांच्या पट्टीच्या प्रत्येक भागाचे दोन तुकडे झाले, म्हणून रंगवलेल्या तिन्हींचेही दोन-दोन, हे त्याने स्वतः बोट ठेवून म्हणावं.

दुसरा प्रश्न ठेवा: २/३ आणि ३/४ सारखे आहेत का? ‘दोन्हीकडे एकच भाग उरला, म्हणून सारखे’ हे उत्तर हमखास येतं, आणि हुशार मुलांकडूनही. उरलेला भाग एकीकडे ८ सेंमीचा आहे, दुसरीकडे ६चा. ज्यांची ही दोन उत्तरं चुकली त्यांची नावं टिपून ठेवा आणि अंश-छेदांना एकाच संख्येने गुणण्याचा नियम त्यांना आणखी दोन दिवस सांगू नका. तोवर त्यांच्याकडे पट्ट्याच असू द्या.