‘नीडफुल’ म्हणजे नेमके काय?

वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या एका लहान कारखान्यात मी निर्यातीचा पत्रव्यवहार पाहत असे, तेव्हा व्हॉल्व्हचे सुधारित ड्रॉइंग जोडून परदेशी ग्राहकाला मी लिहिले होते, ‘काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट.’ उत्तर आले, ‘रिसीव्ह्ड, थँक्स.’ आम्ही मंजुरीची वाट पाहत बसलो आणि तिकडे ते आमच्या पुढच्या मेलची!

या वाक्यात हवी असलेली कृतीच लिहिलेली नाही. ‘नीडफुल’ म्हणजे ड्रॉइंग तपासायचे, मंजूर करायचे की पुढे पाठवायचे, हे वाचणाऱ्याने ताडायचे. ‘रिव्हर्ट’ तर त्याहून घातक, कारण आपण तो ‘उत्तर द्या’ या अर्थाने वापरत असलो, तरी भारताबाहेर त्याचा रूढ अर्थ ‘पूर्वस्थितीला जाणे’ असा आहे, आणि ड्रॉइंगच्या संदर्भात तो जुन्या आवृत्तीकडे परतण्याची सूचनाही वाटू शकतो.

म्हणून क्रियापद, वस्तू, मुदत आणि शक्य असल्यास कारण एकाच वाक्यात आणावे: ‘प्लीज अप्रूव्ह द अटॅच्ड ड्रॉइंग बाय थर्सडे, सो दॅट वी कॅन स्टार्ट कास्टिंग ऑन फ्रायडे.’ ‘रिव्हर्ट’ऐवजी साधे ‘रिप्लाय’ पुरते. मंजुरी आणि पत्त्याची खातरजमा अशी दोन कामे असतील, तर दोन वाक्ये करावीत; एकात कोंबल्यास दुसऱ्याचे उत्तर हमखास राहते.

सरकारी कार्यालयाला लिहिताना मात्र ‘आवश्यक ती कार्यवाही व्हावी’ हा साचा खुशाल ठेवावा, फक्त त्याआधी कोणती कार्यवाही ते लिहावे.